‘हजारो समाधानी ग्राहक’ ऐवजी ६१ जणी: पुण्यातल्या एका ब्लाउज शिवणाऱ्या दुकानाची दहा वर्षं

पार्श्वभूमी

सहकारनगर-अरण्येश्वर भागात ब्लाउज शिवण्याचं एक छोटं दुकान आहे. मालकीण ताई स्वतः कापतात, दोन कारागीर मशीनवर बसतात, आणि फॉल-पिकोसाठी एक बाई दुपारी येतात. २०१४ च्या दसऱ्याला दुकान सुरू झालं. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि त्या दिवशी दुकानाला दहा वर्षं पूर्ण होणार होती. इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअॅपवर काहीतरी चांगलं लिहायचं म्हणून ताईंनी मला बोलावलं. मी पुण्यातल्या लहान दुकानांसाठी असा मजकूर लिहून देण्याचं काम करतो. नाव-पत्ता वगळून हे प्रकरण मांडायला ताईंनी होकार दिला आहे.

मी जायच्या आधी ताईंच्या मुलीने एक मसुदा करून ठेवला होता. तो असा:

> १० वर्षांचा यशस्वी प्रवास! हजारो समाधानी ग्राहकांच्या प्रेमामुळे आज आम्ही प्रगतीच्या नव्या शिखरावर आहोत. दिवसेंदिवस वाढणारा आमचा परिवार हीच आमची खरी कमाई. पुण्यातील विश्वासाचं एकमेव नाव! दसऱ्यानिमित्त शिलाईवर १०% सूट.

अडचण काय होती

या मसुद्यातलं दुकानाचं नाव पुसून तिथे मिठाईवाल्याचं किंवा मोबाइलवाल्याचं नाव घातलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही. दहा वर्षं ताईंकडे येणाऱ्या बाईला त्यात स्वतःबद्दल काहीच सापडत नाही, आणि ज्यांचे आभार मानायचे त्याच वाचून पुढे सरकणार. शिवाय ‘पुण्यातील एकमेव नाव’ हा दावा आहे, आणि दावा केला की तो सिद्ध करता यायला हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि ती दुकान किती मोठं आहे हे बघत नाही. ब्लाउजच्या दुकानावर उद्या कोणी कारवाई करेल असं मला म्हणायचं नाही. पण ज्या वाक्याचा पुरावा दाखवता येत नाही, ते आभाराच्या मजकुरात कशाला हवं?

मी ताईंना एवढंच विचारलं, “‘हजारो’ म्हणजे किती?”

त्यांनी लगेच हिशेब केला. “दिवसाला सात ब्लाउज धरा. वर्षाचे तीनशे दिवस. दहा वर्षांचे झाले की एकवीस हजार.”

त्या जे म्हणाल्या त्यात खोटेपणा नव्हता. पण सात हा आकडा वर्षभर टिकणारा नव्हता. आम्ही दोन पावती पुस्तकं समोर ठेवली, दोन्ही शंभर पावत्यांची. लग्नसराईतलं पुस्तक पंधरा-सोळा दिवसांत संपलं होतं. जून-जुलैमधलं संपायला सहा आठवडे लागले होते. आषाढात कारागीर गावाला जातात, पावसात गिऱ्हाईकही कमी असतं. लक्षात राहते ती गर्दी, रिकामे दिवस राहत नाहीत. मालकाने आठवणीवर काढलेला आकडा बहुतेक वेळा वरच्या बाजूला चुकतो तो यामुळे, आणि ही गोष्ट मी ताईंकडेच नाही, जवळजवळ प्रत्येक दुकानात पाहिली आहे.

कोणते आकडे विचारात घेतले

पहिला विचार अर्थातच एकूण ब्लाउजांचा. ते मोजायला पावत्या लागतात, आणि पावत्या २०१९ पासूनच्याच होत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी दुकानात शिरलं. खालच्या कप्प्यातली पावती पुस्तकं भिजून एकमेकांना चिकटली, कार्बनची शाई पसरली, आणि चिखलाबरोबर तीही फेकून द्यावी लागली. उरलेल्या पाच वर्षांची एकेचाळीस पुस्तकं शिल्लक आहेत. एका पावतीवर सरासरी दोन ब्लाउज धरले तर आठ हजारांच्या आसपास आकडा येतो. मुलीचं म्हणणं होतं की त्याची दुप्पट करून ‘१५,०००+’ लिहावं. पण पहिली दोन वर्षं ताई एकट्या शिवत होत्या, आणि उरलेल्या पाच वर्षांतही २०२० च्या टाळेबंदीचे महिने येतात. दुप्पट कशाच्या आधारावर करायची, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. आणि आकड्यापुढचं अधिक चिन्ह वाचणाऱ्याला लगेच सांगतं की हे मोजलेलं नाही.

उलाढालीचा आकडा ताईंना सांगायचा नव्हता, आणि तो घेऊ नये असंच माझंही मत होतं. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई दहा वर्षांत दुपटीहून जास्त झाली आहे. तेवढेच ब्लाउज शिवले तरी गल्ला दुप्पट दिसेल. ती दरवाढ आहे, कामाची वाढ नव्हे. शिवाय जिने ती वाढीव शिलाई मोजली तिलाच ‘आमची उलाढाल दुप्पट झाली’ असं सांगून आभार कसे मानणार?

इन्स्टाग्रामचे फॉलोअर चार हजारांवर होते. त्यातले बरेच शिवणकाम शिकणारे, बाहेरगावचे, ताईंच्या गळ्यांचे नमुने बघायला येणारे. दुकानाच्या दहा वर्षांशी त्यांचा संबंध थोडा, म्हणून तो आकडा लगेच बाजूला पडला.

मग मापाची वही निघाली. ताई माप एका जाड लाँगबुकात लिहितात. एका बाईला एक पान: उंची, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, टक्सचं अंतर. खाली फोन नंबर आणि सोसायटीचं नाव. माप बदललं की जुन्या आकड्यावर रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि तारीख. या वह्या ताई रात्री घरी नेतात, म्हणून पुरातून वाचल्या. दहा वर्षांचा सलग कागद फक्त हाच होता.

वहीवरून एकूण गिऱ्हाइकं मोजता आली असती. पण अनेक जणी माप देतच नाहीत. जुना, अंगात नीट बसणारा ब्लाउज ‘मापाला’ म्हणून देतात आणि त्यांचं पान वहीत उघडतच नाही. म्हणजे ती संख्या अपुरी. अपुरी असणं चालतं, कमी सांगितलं म्हणून कोणी फसत नाही. पण ‘इतक्या जणी आल्या’ यात एकदाच आलेली नवरी आणि दहा वर्षं येणाऱ्या काकू एकाच ओळीत येतात. दहाव्या वर्षी सांगण्यासारखी गोष्ट तिथे नव्हती.

ती गोष्ट वहीच्या पहिल्या भागात होती. पहिल्या वर्षी माप दिलेल्यांपैकी किती जणी अजून येतात? हा प्रश्न मी विचारला तेव्हा ताईंनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि पानं उलटत नावं वाचायला लागल्या. “या आत्ता गणपतीत येऊन गेल्या. या बाणेरला राहायला गेल्या, तरी येतात. या गेल्या बिचाऱ्या, कोविडमध्ये.” आकडा कोणताही निघो, मोजायचं हेच, हे तिथेच ठरलं.

मोजणी कशी केली

मोजायला बसण्याआधी आम्ही नियम लिहून काढले. मला हे फार गरजेचं वाटतं, कारण एकदा नावं समोर आली की प्रत्येक ओळखीच्या नावाला आत घ्यावंसं वाटतं.

पहिलं वर्ष म्हणजे दसरा २०१४ ते दसरा २०१५. ‘यंदा’ म्हणजे गेल्या दसऱ्यापासून २०२४ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत. ‘आल्या’ म्हणजे त्या काळात ब्लाउज शिलाईची निदान एक पावती आहे. फक्त फॉल-पिको, किंवा शिवण उसवून सैल करून नेलं, हे धरायचं नाही, कारण अशा कामाची पावती ताई दरवेळी करत नाहीत. वहीतला आणि पावतीवरचा फोन जुळला तर नाव घ्यायचं. फोन बदलला असेल, पण पूर्ण नाव आणि सोसायटी जुळत असेल आणि वहीतल्या पानावर नंतरच्या तारखेचा मापबदल असेल, तरी घ्यायचं. केवळ ‘मला माहीत आहे, त्या येतात’ एवढ्यावर घ्यायचं नाही. आई वहीत आहे आणि आता मुलगी येते, तेही नाही.

पहिल्या वर्षाची २१४ पानं निघाली. त्यातली नऊ दुबार होती: बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर नव्याने माप घेतलेलं. म्हणजे २०५ जणी. यंदाच्या नऊ-साडेनऊशे पावत्या मुलीने फोन नंबरासकट एका शीटमध्ये भरल्या आणि दुकान बंद असलेल्या दिवशी आम्ही एकेक पान ताडून पाहिलं. फोनवरून ४७ जुळल्या. नाव, सोसायटी आणि मापबदल यांवरून आणखी १४. एकूण ६१.

आठ जणी ताईंच्या आठवणीत होत्या, पण कागदावर सापडल्या नाहीत. पावतीवर नुसतं ‘कुलकर्णी काकू’ लिहिलेलं आणि फोन नाही, असे प्रकार. इथे ताईंनी बराच आग्रह धरला. त्यातल्या एक काकू गेल्याच आठवड्यात पैठणीचा ब्लाउज टाकून गेल्या होत्या. पण तो आठवडा ऑक्टोबरमधला होता, आणि नियमात सप्टेंबरअखेर होतं. नियम एकीसाठी सैल केला की उरलेल्या सातजणींसाठीही करावा लागतो. आकडा ६१ राहिला.

निर्णयाची जागा: आकडा छोटा वाटतो

“एकसष्ट?” ताईंचा चेहरा उतरला. “दहा वर्षं मरमर केली आणि एकसष्ट? लोक म्हणतील, बाकीच्या पळून गेल्या.”

ही भीती मला खरी वाटते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. २०५ पैकी ६१, म्हणजे दहात तीन. त्यातल्या काही वारल्या, कितीतरी दुसऱ्या भागात गेल्या, काही साडी नेसायच्या बंद झाल्या. काही नाराज होऊनही गेल्या असतील. पण दहा वर्षांपूर्वी ज्या दुकानात गेलात त्यातल्या किती दुकानांत आज जाता, असं मी विचारल्यावर मुलीने मोजायला घेतलं आणि किराणा, ब्लाउज आणि एका दवाखान्यावर येऊन थांबली. ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे दहा वर्षं टिकणं तर आणखी अवघड. एकदा मुंढ्यात ओढला गेला, एकदा लग्नाच्या आदल्या दिवशी मिळाला नाही, की गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जातं.

मग प्रश्न आला २०५ चा: तो मजकुरात द्यायचा का? मुलगी म्हणाली, लपवल्यासारखं वाटेल. माझं मत होतं की मजकुरात आकडा एकच असावा. दोन आले की वाचणारी टक्केवारी काढत बसते आणि आभार मागे पडतात. पण ‘गेलेल्यांपैकी’ असं स्पष्ट लिहायचं, आणि कोणी विचारलं तर २०५ लगेच सांगायचा, आढेवेढे न घेता. ताईंनी ते मान्य केलं. वेगळा निर्णय घेणाराही चूक ठरणार नाही, असं मला आजही वाटतं.

सवलत काढून टाकली. दसरा ते दिवाळी हा ताईंचा सगळ्यात भरलेला काळ. नवरात्राच्या नऊ रंगांचे ब्लाउज नुकते संपलेले असतात आणि दिवाळीची कापडं ढिगाने पडलेली. तेव्हा सूट देऊन आणखी काम ओढलं तर जुन्याच गिऱ्हाइकांचे ब्लाउज लांबणार. दिवाळीच्या ऑर्डर कधीपर्यंत घेणार हे स्टेटसवर वेगळं टाकायचं ठरलं. आणखी एक गोष्ट ताईंनी स्वतः ठरवली: दसऱ्याला द्यायचे सगळे ब्लाउज आधी हातावेगळे करायचे, मगच मजकूर टाकायचा. ब्लाउजची वाट बघणाऱ्या बाईला त्या दिवशी आभार वाचायला आवडणार नाहीत.

मजकूर आणि फोटो

इन्स्टाग्रामवर मजकुराची सुरुवातच दिसते, साधारण १२५ अक्षरं. बाकीचं दाबल्यावर उघडतं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. ‘माप’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, तिथे मोजणी तीन होते. म्हणून मराठी ओळ वाटते त्याच्या आधीच तुटते. आकडा पहिल्याच वाक्यात आणि ते वाक्य शंभराच्या आत, अशी मर्यादा घालून लिहिलं. शेवटचा मजकूर असा झाला:

> दुकानाच्या पहिल्या वर्षी वहीत माप लिहून गेलेल्यांपैकी ६१ जणी यंदाही ब्लाउज शिवायला आल्या.
>
> तुमचे मनापासून आभार. आज दसऱ्याला दुकानाला दहा वर्षं झाली. २०१९ च्या पुरात पावत्या गेल्या, मापाची वही वाचली. त्या वहीतली नावं गेल्या दसऱ्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या पावत्यांशी ताडून हा आकडा काढला. नोंद सापडली नाही पण ज्या येत राहिल्या, त्यांचेही तेवढेच आभार.
>
> काही ब्लाउज उशिरा मिळाले, काही उसवून पुन्हा शिवून द्यावे लागले. तरी आलात.

शेवटची ओळ ताईंची आहे. मुलीला ती नको होती. सणाच्या दिवशी उणीव कशाला काढायची, असं तिचं म्हणणं. ताई म्हणाल्या, “अगं, त्यांना माहीतच आहे. मी नाही लिहिलं तर काय विसरणार आहेत?” मी ती ओळ जशीच्या तशी ठेवली. सगळ्या मजकुरात गिऱ्हाइकाने काय सोसलं हे सांगणारी तीच एक ओळ होती.

फोटोवरून मात्र एक मोठी चूक होता होता टळली. उघड्या वहीचा फोटो सगळ्यांनाच आवडला होता: पिवळी पडलेली पानं, रेघा मारलेले आकडे, ताईंचं अक्षर. पण त्या पानावर एका बाईचं नाव, फोन आणि अंगाची मापं होती. नाव धूसर करून चालणार नव्हतं, कारण सोसायटी आणि माप एकत्र दिसलं तरी ओळखीच्यांना कळतं. ज्या विश्वासाने बायका पडद्याआड माप देतात, तो विश्वास त्या एका फोटोत गेला असता. शेवटी वही मिटवून, कापडी पाठ आणि कोपऱ्यावरचा पुराच्या आधीचा चहाचा डाग दिसेल असा फोटो घेतला. त्याच कारणाने ६१ जणींपैकी कोणालाही टॅग केलं नाही.

काय झालं

लाइक नेहमीपेक्षा थोडे जास्त आले, फार नाही. दिवाळीच्या ऑर्डर वाढल्या, पण त्या दरवर्षीच वाढतात, त्यामुळे त्याचं श्रेय या मजकुराला देता येत नाही. उत्तरांचा सूर मात्र बदलला. आधीच्या वर्धापनदिनांना ‘अभिनंदन’ आणि फुलं यायची. या वेळी व्हॉट्सअॅपवर बायका विचारत होत्या, “मी त्या एकसष्टमध्ये आहे का?” कोणी पहिला ब्लाउज कोणत्या लग्नासाठी शिवला ते लिहिलं. एकीने विचारलं, “एकसष्ट, पण कितीतून?” ताईंनी लिहिलं, “दोनशे पाच.” त्यावर तिचं उत्तर आलं, “मग चांगलंच की.”

आठजणींपैकी एक काकू दुकानात आल्या आणि आपण यात कशा नाही म्हणून रुसल्या. ताईंनी वही काढून त्यांचं पान दाखवलं. फोन जुना होता. तो तिथल्या तिथे बदलला. आकडा ६२ करावा का यावर बोलणं झालं, पण मजकुरात ‘ताडून काढला’ असं लिहिलेलं असल्यामुळे तो तसाच ठेवला.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

खरी उणीव पोचण्यात राहिली. ज्या ६१ जणींचे आभार मानले, त्यातल्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. इन्स्टाग्रामवर त्या नाहीतच. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून संदेश फक्त त्यांनाच जातो ज्यांनी ताईंचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, आणि कितीतरी जणी येताना सरळ येतात, फोन करत नाहीत. मजकूर वाचला तो जास्त करून नव्या गिऱ्हाइकांनी. काउंटरवर तोच मजकूर मोठ्या अक्षरात छापून लावला असता तर दिवाळीचे ब्लाउज न्यायला आलेल्या काकूंनी तो तिथेच वाचला असता. यादी हातात होतीच, त्यामुळे ताईंना रोज चार-पाच फोनही करता आले असते.

दुसरं काम ताईंनी सुरू केलं आहे. वहीच्या प्रत्येक पानाला क्रमांक दिला जातो आणि तोच पावतीवर लिहिला जातो. मापाला ब्लाउज देणाऱ्यांचंही एक पान उघडतं, त्यावर नाव आणि फोन एवढंच. पावती पुस्तक भरलं की मुलगी त्याचे फोटो काढून ठेवते आणि पुस्तक वरच्या फळीवर जातं.